अहवालातला तक्ता स्लाइडवर: अकरा रकान्यांचे चार आणि तेरा ओळींतली एक

पीडीएफ अहवालातला तक्ता उचलून स्लाइडवर ठेवणं हे दोन मिनिटांचं काम वाटतं. स्क्रीनवर चौकोन आखायचा, चित्र घ्यायचं, चिकटवायचं, कोपरा धरून ओढायचं. आपल्या लॅपटॉपवर तो तक्ता वाचताही येतो, कारण आपलं नाक स्क्रीनपासून दोन वितींवर असतं. खोलीत शेवटच्या रांगेतला माणूस मात्र डोळे बारीक करतो आणि थोड्या वेळाने फोन काढतो. एका बैठकीत मागून मला कुणीतरी विचारलं होतं, "खालून तिसऱ्या ओळीत काय आहे ते वाचून दाखवाल का?" मी वाचून दाखवलं आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की स्लाइड आता कुणीच बघत नाहीये, सगळे फक्त ऐकताहेत.

त्यानंतर मी तक्त्याचं चित्र चिकटवणं सोडलं. चित्रात अक्षरांचा आकार लपून राहतो. तुम्ही ते लहान करत जाता आणि अक्षर किती पॉइंटांवर आलं, ते कुठेच दिसत नाही. खरा तक्ता ठेवला तर आकडा समोर असतो आणि तो नाकारता येत नाही. एकच तक्ता घेऊन ही सगळी वाट इथे सांगतो. नावं पॉवरपॉइंट आणि एक्सेलमधली आहेत, पण हिशोब कुठल्याही साधनात हाच राहतो.

हातातला तक्ता

समजा, एका संस्थेच्या अंतर्गत अहवालात तक्रार निवारणाचा विभागवार तक्ता आहे. आकडे उदाहरणापुरते बनवले आहेत. विभाग बारा, त्याखाली एकूणची ओळ, म्हणजे शीर्षओळ सोडून तेरा ओळी. रकाने अकरा: अनुक्रमांक, विभाग कोड, विभागाचं नाव, गेल्या वर्षी आलेल्या तक्रारी, गेल्या वर्षी निकाली, यंदा आलेल्या, यंदा निकाली, शिल्लक, गेल्या वर्षी निकालाला लागलेले सरासरी दिवस, यंदाचे सरासरी दिवस आणि शेरा.

हा तक्ता अहवालात अगदी योग्य आहे. वाचणारा पान हातात धरून, बोट ठेवून, हवा तेवढा वेळ घेऊन बघणार आहे. स्लाइडवर त्याच्या वाट्याला अर्धा-एक मिनिट येतं आणि त्यातही कान बोलणाऱ्याकडे असतात. म्हणून एक्सेल उघडण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: हा तक्ता बघून समोरच्याला काय कळायला हवं? आपल्या उदाहरणात ते वाक्य असं आहे: "दुरुस्ती विभागात एक तक्रार मिटायला यंदा सरासरी 31 दिवस लागले, गेल्या वर्षी 19 लागत होते." कुठले रकाने राहणार, कुठली ओळ ठळक होणार, मथळा काय असणार, हे सगळं याच वाक्यावरून ठरतं. हे वाक्य सुचत नसेल तर तो तक्ता स्लाइडवर आणायची वेळ अजून आलेली नाही, असं मी मानतो.

काढलेला तक्ता आधी तपासा

विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्ट 365 च्या एक्सेलमध्ये `Data > Get Data > From File > From PDF` या वाटेने पीडीएफ उघडता येते. डावीकडे सापडलेल्या तक्त्यांची यादी येते. हवा तो निवडून `Transform Data` दाबा, लगेच `Load` नको. टॅब्युलासारखं मोफत साधनही हेच काम करतं. दोन्हींची एक अट आहे: पीडीएफमध्ये खरा मजकूर हवा, म्हणजे माउसने अक्षरं निवडता आली पाहिजेत. स्कॅन केलेलं पान असेल तर आधी अक्षरओळख करून घ्यावी लागते आणि मग तपासणी दुप्पट कडक ठेवावी लागते. मराठी अहवाल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेला असेल, तर आकडे नीट येतात पण नावांच्या जागी अगम्य चिन्हं उमटतात. तेव्हा ती दुरुस्त करत बसू नका. स्लाइडवर शेवटी सातआठच नावं लागणार आहेत, ती सरळ टाइप करा.

मजकूर आला म्हणजे तो बरोबर आला असं नसतं. आपल्या तक्त्यात "तांत्रिक साहाय्य" हे नाव मूळ पानावर दोन ओळींत मोडलं होतं. बाहेर काढताना त्याच्या दोन ओळी झाल्या: एकीत "तांत्रिक" आणि सगळे आकडे, दुसरीत नुसतं "साहाय्य" आणि पुढे रिकामे खण. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही. वितरण विभागाच्या 980 या आकड्यावर तळटीपेचा बारीक 2 होता. तो आकड्याला चिकटला आणि खणात 9802 उमटलं. आकडा नीटनेटका, उजवीकडे लागलेला, संशय यावा असं त्यात काहीच नाही.

अशी चूक पकडायचा खात्रीचा उपाय म्हणजे छापील एकूण. अहवालात बेरीज दिलेली असते, ती नुसती उतरवून घेऊ नका, तिच्यावर तपासणी करा. यंदा आलेल्या तक्रारी B रकान्यात, विभाग दुसऱ्या ते तेराव्या ओळीत आणि छापील एकूण चौदाव्या ओळीत असेल तर कुठल्याही रिकाम्या खणात हे लिहा:

```
=SUM(B2:B13)-B14
```

उत्तर शून्य यायला हवं. आपल्याकडे ते 8822 आलं. एवढा मोठा फरक एकाच खणातून आला असणार, हे लगेच कळतं, कारण बाकीचे आकडे हजाराच्या आसपास किंवा त्याहून बरेच लहान आहेत. 9802 चं 980 केलं की उत्तर शून्य होतं. फरक उणे येऊन नेमका छापील एकूणाइतकाच असेल किंवा खणात `#VALUE!` दिसलं, तर गोष्ट वेगळी आहे: रकान्यातले आकडे मजकूर म्हणून आले आहेत आणि `SUM` त्यांना मोजतच नाही. असे आकडे खणात डावीकडे चिकटलेले दिसतात. बहुतेक वेळा त्यांच्यासोबत न दिसणारी एक मोकळी जागा आलेली असते. शेजारच्या रकान्यात हे सूत्र लिहून ती काढता येते:

```
=VALUE(SUBSTITUTE(B2,CHAR(160),""))
```

जे रकाने स्लाइडवर जाणार नाहीत, त्यांचीही बेरीज तपासून ठेवा. ते कशाला लागतात, ते आता येईलच.

कापायच्या आधी हिशोब

आता रकाने. वरचं वाक्य समोर ठेवून प्रत्येक रकान्याला विचारा: तू नसलास तर वाक्य अडतं का? अनुक्रमांक, कोड आणि शेरा लगेच जातात. शिल्लक हा आकडा महत्त्वाचा आहे, पण तो वेगळ्या वाक्याचा, वेगळ्या स्लाइडचा आहे. गेल्या वर्षी आलेल्या आणि दोन्ही वर्षांतल्या निकाली तक्रारींनाही इथे काम नाही. उरतात चार: विभाग, यंदा आलेल्या तक्रारी, गेल्या वर्षीचे दिवस, यंदाचे दिवस. यंदा आलेल्या तक्रारी ठेवायचं कारण असं, की 31 दिवस हा आकडा दहावीस तक्रारींचा आहे की हजाराचा, हा प्रश्न समोरून येतोच. 1,240 हा आकडा त्याला जागच्या जागी उत्तर देतो.

"गेल्या वर्षीचे, यंदाचे आणि शेजारी वाढीची टक्केवारी" असा पाचवा रकाना घालायचा मोह होतो. मी तो घालत नाही. 19 आणि 31 हे दोन आकडे शेजारी असले की वाढ दिसते. टक्केवारीने बघणाऱ्याला आणखी एक गोष्ट वाचायला लागते, एवढंच.

ओळींची गोष्ट मात्र रकान्यांइतकी सोपी नाही. बारा विभागांपैकी सहा मोठे आहेत. उरलेल्या सहांकडे मिळून यंदा 400 तक्रारी आल्या. त्यांना "इतर 6 विभाग" अशा एका ओळीत आणायचं. तक्रारींची बेरीज सरळ आहे, पण सरासरी दिवसांचं काय? इथे भलेभले चुकतात. त्या सहा विभागांचे यंदाचे सरासरी दिवस आहेत 6, 5, 8, 20, 4 आणि 40. यांची सरळ सरासरी काढली तर जवळपास 14 येते. पण 40 दिवसांच्या विभागाने वर्षभरात फक्त 10 तक्रारी निकाली काढल्या आहेत आणि 6 दिवसांच्या विभागाने 100. दोघांना सारखं वजन देणं चूक आहे.

वजन द्यायचं ते निकाली तक्रारींचं, आलेल्या तक्रारींचं नव्हे, कारण दिवसांची सरासरी निकाली तक्रारींवरच काढलेली असते. निकाली तक्रारी अनुक्रमे 100, 90, 80, 50, 30 आणि 10, एकूण 360. प्रत्येकीला तिच्या दिवसांनी गुणून बेरीज येते 3,210, भागिले 360, म्हणजे 8.9. स्लाइडवर 9. सरळ सरासरीने तिथे 14 आलं असतं आणि छोटे विभाग उगाच ढिले ठरले असते. निकाली तक्रारी C मध्ये, दिवस E मध्ये आणि लहान विभाग आठव्या ते तेराव्या ओळीत असतील तर:

```
=SUMPRODUCT(C8:C13,E8:E13)/SUM(C8:C13)
```

हेच सूत्र बाराही विभागांवर चालवून बघा. आपल्या तक्त्यात ते 15.08 देतं आणि अहवालात एकूणच्या ओळीत 15 छापलं आहे. म्हणजे वजन कशाचं द्यायचं हा आपला अंदाज बरोबर होता, आकडेही स्वच्छ आहेत. ते जुळलं नसतं तर अहवालाने सरासरी वेगळ्या रीतीने काढली आहे असं समजायचं आणि "इतर" च्या ओळीत दिवसांच्या जागी आडवी रेघ द्यायची. चुकीचा आकडा देण्यापेक्षा ते बरं. गेल्या वर्षीच्या दिवसांसाठी गेल्या वर्षीच्या निकाली तक्रारींचं वजन लागतं. म्हणजे स्लाइडवरून उडवलेले दोन रकाने हिशोबाला लागले. म्हणून कापाकापी मूळ शीटवर कधीच करू नका. मूळ जसंच्या तसं राहू द्या, त्याच्या शेजारी "स्लाइड" नावाचं नवं शीट करा आणि त्यात फक्त चार रकाने, नऊ ओळी ठेवा.

या नव्या शीटवर क्रम बदला. अहवालात विभाग कोडप्रमाणे लागलेले असतात, म्हणजे बघणाऱ्याच्या दृष्टीने कुठल्याच क्रमात नसतात. यंदाच्या दिवसांप्रमाणे उतरता क्रम लावला की दुरुस्ती आपोआप वर येते आणि बाकीचे तिच्या खाली उतरत जातात. "इतर" ही गोळा केलेली ओळ आहे. तिचा आकडा मध्ये कुठे बसत असला तरी ती खालीच ठेवायची, तिच्याखाली एकूण. सगळं झाल्यावर तक्ता असा दिसतो:

| विभाग | यंदा आलेल्या तक्रारी | गेल्या वर्षी दिवस | यंदा दिवस |
|---|---:|---:|---:|
| दुरुस्ती | 1,240 | 19 | 31 |
| परतावा | 540 | 16 | 15 |
| वितरण | 980 | 12 | 13 |
| तांत्रिक साहाय्य | 420 | 10 | 11 |
| बिलिंग | 860 | 9 | 8 |
| नोंदणी | 610 | 7 | 7 |
| इतर 6 विभाग | 400 | 10 | 9 |
| एकूण | 5,050 | 12 | 15 |

अक्षर केवढं बसेल, ते आधी मोजा

फॉन्टचा आकार तक्ता बसवून झाल्यावर ठरवायचा नसतो. स्लाइडची जागा ठरलेली असते, म्हणून तो आधीच काढता येतो.

पॉवरपॉइंटची 16:9 स्लाइड 33.87 बाय 19.05 सेंटिमीटर असते. फॉन्ट पॉइंटांत मोजतात, म्हणून उंचीही पॉइंटांत घेऊ: 540 पॉइंट. वरचा मथळा आणि त्याभोवतीची मोकळी जागा यांत साधारण 110 जातात, खाली स्रोताची ओळ आणि समास यांत 50. तक्त्याला उरतात 380. तक्त्याच्या एका ओळीची उंची म्हणजे अक्षराची ओळ अधिक खणाचा वरखालचा समास. हा समास मुळात मिळून साधारण 7 पॉइंट असतो. निर्मला यूआयसारख्या देवनागरी फॉन्टची ओळ फॉन्टच्या आकाराच्या सुमारे 1.33 पट उंच असते, कारण वर वेलांट्या आणि खाली उकार यांना जागा लागते. मंगल फॉन्ट तर याहूनही जास्त उंची खातो. एकाच तक्त्यात दोन फॉन्ट मिसळले की ओळी लहानमोठ्या दिसतात, त्याचं कारण हेच.

24 पॉइंटांनी सुरुवात करू. एक ओळ 32 अधिक 7, म्हणजे 39 पॉइंट. आठ ओळींचे 312, दोन ओळींत मोडणाऱ्या शीर्षओळीचे 71, बेरीज 383. जागा 380 ची आहे, थोडक्यात हुकलं. 22 पॉइंटांना एक ओळ साडेछत्तीस, आठांचे 292, शीर्षओळीचे 66, बेरीज 358. बसलं, वर श्वास घ्यायलाही जागा उरली. मग 22.

याच रीतीने मूळ तक्ता मोजून बघा. तेरा ओळी आणि शीर्षओळ असं धरलं तर उंचीच्या हिशोबाने अक्षर 14 पॉइंटांच्या वर जात नाही. आडव्या बाजूला अकरा रकाने कोंबले की प्रत्येकाला सरासरी जेमतेम नऊ टक्के रुंदी मिळते, शीर्षकं तीनतीन ओळींत मोडतात आणि अक्षर 10-11 वर येतं. स्लाइडवरच्या तक्त्यात 18 ही माझी खालची मर्यादा आहे. तेवढ्यातही बसत नसेल तर मी अक्षर लहान करत नाही, एखादी ओळ किंवा रकाना कमी करतो, नाहीतर दोन स्लाइड करतो.

एक सावधगिरी. 22 हा आकडा दुसऱ्या साधनात तसाच नेऊ नका. गूगल स्लाइड्सची नेहमीची 16:9 स्लाइड 10 बाय 5.625 इंच असते, म्हणजे फक्त 405 पॉइंट उंच. पडद्यावर मात्र दोन्ही स्लाइड तेवढ्याच मोठ्या दिसतात. म्हणून तिथले 16 हे पॉवरपॉइंटमधल्या 22 इतकेच मोठे दिसतात. लक्षात ठेवायचं ते हे, की अक्षराचा आकार स्लाइडच्या उंचीच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास असावा. 540 ला 25 ने भागा, 405 ला 25 ने भागा, उत्तर मिळतं.

स्लाइडवर उतरवणं

"स्लाइड" शीटवरचे नऊ गुणिले चार खण निवडून `Ctrl+C` करा. पॉवरपॉइंटमध्ये `Title Only` मांडणीची स्लाइड घ्या, रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करा आणि चिकटवायच्या पर्यायांतून `Use Destination Styles` निवडा. तक्ता स्लाइडच्या थीमचा फॉन्ट आणि रंग घेतो. `Keep Source Formatting` ने एक्सेलमधलं बारीक अक्षर आणि रेघा येतात. `Picture` बद्दल सुरुवातीला बोललोच आहे. `Embed` पासून मात्र खास जपा. दिसतात तेवढे खण नाहीत, अख्खी वर्कबुक त्या स्लाइडमध्ये जाऊन बसते. फाइल ज्याला पाठवाल तो तक्त्यावर दोनदा क्लिक करून बाकीची सगळी शीटं वाचू शकतो.

तक्त्याच्या कडेवर क्लिक करा, म्हणजे एखादा खण निवडला न जाता पूर्ण तक्ता निवडला जातो. मग फॉन्टचा आकार 22 करा. त्यानंतर `Layout` टॅबमध्ये रकान्यांची रुंदी आकड्यांत भरा, ओढून नको. विभागाचा रकाना 10.6 सेंटिमीटर, बाकीचे तीन प्रत्येकी 5.3. एकूण साडेसव्वीस होतात आणि स्लाइड जवळपास 34 ची आहे. उरलेली जागा मोकळी राहू द्या. तक्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणला की नाव आणि आकडा यांत मोठं अंतर पडतं आणि नजर चालताचालता शेजारच्या ओळीत घसरते. चार रकान्यांच्या तक्त्याला स्लाइडभर पसरायची गरज नसते.

आकडे उजवीकडे लावा, त्यांची शीर्षकंही उजवीकडे. एककं एककांखाली आली की 1,240 आणि 540 यांतला फरक आकडा न वाचताही लांबीवरून दिसतो. मध्यावर लावलेल्या आकड्यांत हे हरवतं. दशांश ठेवायचे तर सगळ्यांना सारखे ठेवा. इथे दिवस पूर्ण आकड्यांत पुरेसे आहेत. 15.08 दिवस म्हटल्याने कुणालाच जास्त काही कळत नाही.

या टप्प्यावर एक अडचण हटकून येते. तक्त्याची एखादी ओळ बाकीच्यांपेक्षा उंच दिसते आणि कितीही ओढली तरी खाली येत नाही. कारण दोनांपैकी एक असतं. त्या ओळीतल्या एखाद्या खणात शेवटी चुकून एंटर पडलेला असतो, नाहीतर रिकाम्या दिसणाऱ्या खणात मोठ्या आकाराचा फॉन्ट बसलेला असतो. रिकामा खणसुद्धा आपल्या फॉन्टएवढी उंची धरून ठेवतो. त्या खणात जाऊन `Backspace` दाबा, आकार 22 करा, मग सगळ्या ओळी निवडून `Distribute Rows` करा. शीर्षओळ मात्र या निवडीतून वगळा, ती दुप्पट उंच आहे.

एकच ओळ पुढे आणायची

ठळक करणं म्हटलं की हात रंगाकडे जातो. पण आधी बघा, तक्त्यात रंगाने लक्ष मागणारं आधीच काय काय आहे. पॉवरपॉइंटची नेहमीची तक्ता शैली शीर्षओळीला गडद रंग भरते आणि खालच्या ओळींना एक आड एक पट्टे देते. अशा तक्त्यात तुम्ही दुरुस्तीची ओळ पिवळी केली तर ती फार तर तिसऱ्या क्रमांकाची ठळक गोष्ट होते. डोळा आधी निळ्या शीर्षओळीवर जातो आणि तिथे फक्त "विभाग" असं लिहिलेलं असतं.

म्हणून आधी सगळं शांत करायचं. `Table Design` मध्ये `No Style, No Grid` शैली घ्या आणि `Banded Rows` ची खूण काढा. `Header Row` ची खूण मात्र राहू द्या, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला शीर्षओळ कुठली ते तिच्यावरूनच कळतं. शीर्षओळीखाली एक बारीक राखाडी रेघ द्या, एकूणच्या ओळीवर दुसरी. उभ्या रेघा एकही नको. आकडे नीट उजवीकडे लागले असतील तर रकाने आपोआप वेगळे दिसतात.

मग पूर्ण तक्त्याचं अक्षर गडद राखाडी करा, रंगाच्या चौकटीत `#595959` भरून. पांढऱ्यावर याचा विरोध 7 ला 1 इतका असतो, म्हणजे ते शांत दिसतं पण सहज वाचता येतं. याहून फिकट राखाडी लॅपटॉपवर देखणं दिसतं, पण उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टरवर ते विरून जातं. बाकीच्या ओळी मागे सरकवायच्या आहेत, मिटवायच्या नाहीत. दुरुस्तीचे 31 मोठे आहेत हे नोंदणीचे 7 वाचता आले तरच कळतं.

आता दुरुस्तीची ओळ निवडा. अक्षर काळं, ठळक आणि मागे हलका नारिंगी रंग, `#FCE4D6`. फिकट पिवळा टाळा, प्रोजेक्टरवर तो बहुतेक वेळा पांढराच दिसतो. नारिंगीही एखाद्या पडद्यावर फिका पडेल, तेव्हा ठळक काळं अक्षर काम करतं. रंगांतला फरक ज्यांना नीट दिसत नाही त्यांनाही हेच उपयोगी पडतं. म्हणून खूण एका रंगावर कधीच सोडू नका. ठळक केल्यावर अक्षर थोडं रुंद होतं, तेव्हा त्या ओळीतलं नाव मोडून दुसऱ्या ओळीत तर गेलं नाही ना, ते बघा.

ओळीभोवती वेगळा लाल चौकोन काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. तो तक्त्याचा भाग नसतो. उद्या वर एक ओळ वाढली की चौकोन भलत्याच विभागाभोवती राहतो आणि ते सादर करताना लक्षात येतं. खणाचा रंग ओळीबरोबर हलतो. अक्षर मोठं करून ठळक करणंही नको, त्याने ओळीची उंची बिघडते आणि तक्ता वाकडा वाटतो. एकूणची ओळ ठळक करायची सवय असेल तर ती इथे आवरा. दोन ओळी ठळक झाल्या की डोळा कुठल्या आधी बघायची ते ठरवत बसतो.

पॉवरपॉइंटमध्ये तक्त्याच्या ओळी एकेक करून आणता येत नाहीत, तक्ता सगळा एकदम येतो. आधी साधा तक्ता दाखवून मग ओळ उजळायची असेल तर स्लाइडची प्रत काढा, पहिल्या प्रतीत सगळं राखाडी ठेवा, दुसऱ्या प्रतीत दुरुस्ती ठळक. पुढची स्लाइड आली की जागच्या जागी ओळ उजळल्यासारखी दिसते. मात्र रकान्यांच्या रुंदीला नंतर एकाच प्रतीत हात लावू नका, नाहीतर तक्ता थरथरल्यासारखा वाटतो.

मथळ्यात सुरुवातीचं वाक्य घाला: "दुरुस्ती विभागात तक्रार मिटायला आता 31 दिवस, गेल्या वर्षी 19". "विभागवार तक्रार निवारण" हे अहवालातलं शीर्षक इथे नको. खाली 12-14 पॉइंटांत स्रोत लिहा: अहवालाचं नाव, पान, तक्ता क्रमांक आणि "इतर 6 विभागांचे दिवस निकाली तक्रारींच्या वजनाने काढले आहेत". ही ओळ मागच्या रांगेतून वाचता आली नाही तरी चालते, ती नंतर फाइल उघडणाऱ्यासाठी असते. अकरा रकान्यांचा मूळ तक्ता शेवटी जोडपत्र म्हणून ठेवा किंवा छापून हातात द्या. शिल्लक तक्रारींबद्दल कुणी विचारलं की तिथे बोट ठेवता येतं.

मागे सरकून बघा

शेवटची तपासणी उभं राहून करायची. खोलीत पडदा किती उंच आहे आणि शेवटची खुर्ची त्याच्यापासून किती लांब आहे, ते मोजा किंवा विचारून घ्या. समजा चित्र दीड मीटर उंच आहे आणि शेवटची रांग 9 मीटरवर. अंतर उंचीच्या सहापट झालं. आता तुमच्या लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावा. 15.6 इंची स्क्रीनवर ती साधारण 19 सेंटिमीटर उंच असते. तिच्या सहापट म्हणजे सुमारे 115 सेंटिमीटर. एवढं मागे जा आणि नोंदणीची ओळ वाचा. दुरुस्तीची नको, ती ठळक आहे आणि आकडा तुम्हाला पाठ आहे. शक्य असेल तर ज्याने हा तक्ता पाहिलेलाच नाही अशा कुणाला तिथे उभं करा आणि विचारा, "पहिल्यांदा काय दिसलं?" उत्तर "31" किंवा "दुरुस्ती" आलं तर ठीक. "एकूण" आलं तर एकूणच्या ओळीवरची रेघ बहुधा जाड झाली आहे, ती बारीक करा. नोंदणीचा 7 वाचता आला नाही तर आधी राखाडी थोडा गडद करून बघा. तरीही नाही जमलं, तर सहा विभागांपैकी शेवटचे दोन "इतर" मध्ये घाला, ओळीचं नाव "इतर 8 विभाग" करा, वजनी सरासरी पुन्हा काढा आणि मोकळ्या झालेल्या जागेत अक्षर 26 पॉइंटांवर न्या.